खाडा, खिळा आणि नोटिफिकेशन

माटुंग्याच्या आमच्या इमारतीत कुणाच्याही घरी जाऊन ‘किती वाजले?’ असं विचारलं, तर माणसं मोबाइल बघतात. ‘आज काय आहे?’ असं विचारलं, तर मात्र सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या भिंतीकडे वळतात. तिथे एक खिळा असतो आणि खिळ्यावर चालू वर्ष लटकत असतं. त्याच्या मागे, त्याच खिळ्यावर, गेलं वर्षही असतं. ते काढत नाहीत, कारण मागच्या वर्षी मोरीचा नळ कधी बदलला हे त्यावर लिहिलेलं असतं आणि नळ आता पुन्हा गळतोय.

माटुंगा पूर्वेचा आमचा हा भाग मिश्र वस्तीचा. तळमजल्यावर गुजराती कुटुंब, त्यांचं वर्ष दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं गुढीपाडव्याला, तिसऱ्या मजल्यावरच्या तमिळ मामींचं एप्रिलच्या मध्यावर, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचं एक जानेवारीला, कारण मेंटेनन्सची थकबाकी ते त्याच दिवशी नव्या वहीत चढवतात. म्हणजे वर्षातून चार वेळा आम्ही एकमेकांना नववर्षाच्या शुभेच्छा देतो. त्या चारही वेळा लिफ्ट बंद असते.

मामींच्या घरचं कॅलेंडर रोजच्या रोज पान फाडण्याचं आहे. जाड पुठ्ठ्यावर देवाचं चित्र आणि त्याखाली तीनशेपासष्ट पानांचा गठ्ठा. रोज सकाळी आंघोळ झाली की मामी कालचं पान टर्रकन फाडतात. हजेरी झाली! आजच्या पानावर मोठा आकडा आणि खाली राहुकाळ, यमगंड, चांगली वेळ वगैरे. राहुकाळाचा हिशोब तसा सोपा आहे. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या बारा तासांचे दीड-दीड तासाचे आठ भाग करायचे; प्रत्येक वाराला त्यातला एक भाग राहूचा. सोमवारी तो दुसरा भाग, म्हणजे साडेसात ते नऊ. या वेळेत कुठलंही नवं काम सुरू करू नये असा संकेत आहे. सोमवारी साडेसात ते नऊ ही अख्ख्या मुंबईने आठवड्याच्या कामाला निघायची वेळ. आपले आठवडे असे का जातात याचा इतका समाधानकारक खुलासा मला अजून दुसरीकडे मिळालेला नाही.

फाडलेल्या पानाची पाठ कोरी असते. तिच्यावर बाजाराची यादी होते: कढीपत्ता, केळीचं पान, गजरा. यादी संपली की पान संपलं. मामी महिनाभर चेन्नईला लेकीकडे जाऊन आल्या की भिंतीवर जुनीच तारीख त्यांची वाट बघत असते. त्या शांतपणे महिन्याचा गठ्ठा एकदम फाडतात आणि पुढचे बरेच दिवस याद्या लिहायला कागद पुरतो. ‘तुमची सवय खंडित झाली’ म्हणून कुणी रडका चेहरा दाखवत नाही.

रडका चेहरा माझ्या पुतणीच्या फोनवर असतो. ती रुईयात शिकते आणि तिच्याकडे सवयींचं ॲप आहे. पाणी पिणे, चालणे, वाचन, कृतज्ञता असे त्यात रकाने. रात्री दहाला ॲप विचारतं, ‘आज तुम्हाला कसं वाटतंय?’ आणि पाच चेहरे पुढे करतं. सलग दिवसांची साखळी वाढत गेली की फटाके फुटतात, तुटली की शून्य. भाषा शिकवणाऱ्या एका प्रसिद्ध ॲपात तर साखळी गोठवून ठेवायची सोय आहे आणि ती सोय ॲपातल्या रत्नांनी विकत मिळते. एका लग्नात, वरात दारात आलेली असताना, ही मुलगी चपलांच्या ढिगाशेजारी बसून घाईघाईने स्पॅनिशमध्ये ‘सफरचंद’ लिहीत होती, कारण बारा वाजायला दोन मिनिटं होती. स्पॅनिश किती आलं ते माहीत नाही. साखळी मात्र शाबूत आहे.

खरी रोजची हजेरी बघायची असेल तर दुसऱ्या मजल्यावर काकूंकडे जायला हवं. त्यांच्या भिंतीवर कालनिर्णय आहे. जयंतराव साळगांवकरांनी 1973 साली ते काढलं आणि पंचांग पोथीतून निघून भिंतीवर आलं, तेही शेजारच्यांच्या सणांसकट. तिथी, नक्षत्र, संकष्टीचा चंद्रोदय हे सगळं त्यात आहेच. पण काकू त्याच्याकडे पंचांग म्हणून फार क्वचित बघतात. त्यांच्या दृष्टीने ती एक चौकटी आखलेली वही आहे. छापणाऱ्याने तिच्यात आधीच थोडं काहीतरी लिहून ठेवलंय, एवढंच. त्यामुळे रोहिणी नक्षत्रावर ‘+2’ असतं, एकादशीवर ‘इस्त्री 14’ असतं आणि अमावास्येवर एक गोल असतो. गोल म्हणजे कामवाल्या ताईंचा खाडा.

यावरून कॅलेंडर निवडायचा काकूंचा नियम सांगतो. जानेवारीत बँका, सराफ, औषधवाले फुकट कॅलेंडरं वाटतात. ती गुळगुळीत कागदाची असतात, वर हिमालय आणि खाली मुंग्यांएवढ्या तारखा. काकू त्यावर बोट फिरवतात आणि परत देतात. गुळगुळीत कागदावर शाई पटकन वाळत नाही. फोडणीचा हात लागला की जुलै ऑगस्टपर्यंत पसरतो. दुसरं म्हणजे भिंतीवर लिहिताना बॉलपेन चार अक्षरांनंतर संपावर जातं. त्याची शाई स्वतःच्या वजनाने खाली उतरून गोळीपर्यंत यायची असते. टोक आडवं किंवा वर धरलं की ती यायची थांबते. पेन फुकट गेलं असं समजून लोक ते फेकून देतात. काकूंनी खिळ्याला सुतळीने पेन्सिल बांधली आहे. पेन्सिलला वर-खाली कळत नाही, आणि सुतळीला बांधलेली असल्यामुळे ती काकांच्या खिशात जाऊन शब्दकोड्यापर्यंत पोचत नाही.

आता दूध. काकूंकडे रोज अर्ध्या लिटरच्या तीन पिशव्या येतात. रोज ‘3’ लिहीत बसायचं नाही, हे या पद्धतीचं मर्म आहे. चौकट कोरी म्हणजे नेहमीप्रमाणे तीन. फरक पडला तरच लिहायचं: जास्त घेतलं तर अधिक, नको सांगितलं तर शून्य, आणि शेजारी दोन शब्दांत कारण. पुतणीच्या ॲपात कोरा दिवस म्हणजे गुन्हा. इथे कोरा दिवस म्हणजे सगळं ठीक चाललंय. महिन्यातले बहुतेक दिवस ठीकच जात असतात, त्यामुळे लिहिण्याचा कंटाळा येण्याइतकं काम पडत नाही, आणि म्हणून काकूंची नोंद वर्षानुवर्षं टिकली आहे.

2025 च्या ऑगस्टचंच उदाहरण घ्या. एकतीस दिवस, रोज तीन पिशव्या, म्हणजे त्र्याण्णव. पंधरा आणि सोळा तारखेला मंडळी जोडून सुट्टी म्हणून अलिबागला गेली, तिथे दोन शून्यं: सहा वजा. सत्तावीसला गणेश चतुर्थी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे, दोन-दोन पिशव्या जास्त: चार अधिक. काकूंनी बोट फिरवत बेरीज केली, एक्क्याण्णव पिशव्या. पिशवीला तीस रुपये धरले तर दोन हजार सातशे तीस. दूधवाल्याच्या वहीतही एक्क्याण्णवच. दोन्ही वह्या जुळल्या म्हटल्यावर वाद कसला? काकू पैसे मोजायला लागल्या.

ही गोष्ट चार सप्टेंबरची. तरी भिंतीवर अजून ऑगस्टच होता, कारण दुधाचे पैसे चुकते झाल्याशिवाय पान उलटायचं नाही असा त्या घरचा कायदा आहे. काका समोर बसून भिंतीकडे बघत होते; निवृत्तीनंतर ते त्यांचं मुख्य काम आहे. बघता बघता म्हणाले, “अगं, ते वर कोपऱ्यात शून्य कसलं?”

त्या कोपऱ्यात एकतीस तारीख होती. उभ्या मांडणीच्या कॅलेंडरात वार डावीकडे वरून खाली असतात आणि प्रत्येक आठवड्याला एक उभा रकाना. रकाने पाच. ऑगस्ट 2025 शुक्रवारी सुरू झाला, त्यामुळे तीस तारखेच्या शनिवारपर्यंत पाचही रकाने भरले आणि एकतीसच्या रविवारला जागाच उरली नाही. अशा वेळी छापणारे उरलेल्या तारखा पहिल्या रकान्यातल्या रिकाम्या चौकटींत बसवतात. म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस पहिल्या दिवसाच्या डोक्यावर जाऊन बसतो. एक तारखेपासून बोट फिरवणारा माणूस तीसवर येऊन थांबतो आणि एकतीस वरून त्याची गंमत बघत राहते. त्या दिवशी गौरी आवाहन होतं, काकू दिरांकडे गिरगावला गेल्या होत्या, आदल्या दिवशी दूध नको म्हणून सांगितलं होतं आणि तसं लिहिलंही होतं: ‘0, गौरी, गिरगाव’. तीन पिशव्या वजा, उरल्या अठ्ठ्याऐंशी, दोन हजार सहाशे चाळीस रुपये. दूधवाल्याने ‘गौरी’ वाचलं आणि तक्रार न करता नव्वद रुपये सोडले. नुसतं शून्य असतं तर त्याने वाद घातला असता, कारण शून्य कधीही लिहिता येतं. पण गौरीची तारीख मागाहून हलवता येत नाही.

तेव्हापासून काकू महिन्याचं पान उलटल्यावर पहिल्यांदा वरचा डावा कोपरा बघतात. तिथे तीस-एकतीस बसले असतील तर त्यांच्याभोवती आधीच पेन्सिलीने चौकट करतात.

कामवाल्या ताईंच्या खाड्यांचं प्रकरण याहून नाजूक. महिन्याला दोन खाडे माफ, पुढच्याचे पैसे कापायचे, असं ठरलेलं आहे. पूर्वी काकू गोल करायच्या आणि ताई महिनाअखेरीस म्हणायच्या, “बाई, त्या दिवशी मी आले होते, तुम्हीच नव्हता.” मग दोघींनी ठरवलं, गोल ताईंनीच करायचा. ताई दुसऱ्या दिवशी येतात, आधी भिंतीपाशी जातात, पेन्सिल उचलतात, स्वतःचा खाडा स्वतः मांडतात आणि मग झाडू घेतात. काकू घरी नसल्या आणि कडीला कुलूप असलं, तर ताई परत आल्यावर फुली करतात: ‘मी आले, दार बंद’. हे चिन्ह ताईंनी काढलं. आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्या आपल्या फोनने पानाचा फोटो काढून नेतात. पुतणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे बॅकअप!” ताई म्हणाल्या, “म्हणजे पुरावा.”

असं सामायिक ॲप निघू शकत नाही का? निघालेलं आहे. काकूंच्या पुण्याच्या मुलीने ते सगळ्यांच्या फोनात घालूनही दिलं. दूध, पेपर, इस्त्री, खाडे, सगळ्याला वेगळे रंग. पहिल्याच आठवड्यात काकूंचा पासवर्ड विसरला, काकांच्या फोनात जागा संपली आणि ताईंनी विचारलं की माझा खाडा पुण्याला कशाला कळायला हवा? प्रश्न बिनतोड होता. भिंतीवरचं फक्त त्यालाच दिसतं जो त्या स्वयंपाकघरात उभा राहू शकतो, आणि त्या घरात कुणाला कुठपर्यंत येऊ द्यायचं ते काकूंच्या हातात आहे.

पण भिंतीला बोलता येत नाही, हेही खरं. कॅलेंडर आठवण करून देत नाही. आपण त्याच्याकडे बघितलं तरच ते काही सांगतं. संकष्टी लक्षात न राहून सकाळी पोहे खाल्लेली माणसं याच इमारतीत आहेत, आणि त्यांच्या समोरच्या भिंतीवर चंद्रोदयाची वेळ ठळक अक्षरांत छापलेली होती. वेळेवर टोकायचं काम फोनचं, असं मानून मुलीने काकांच्या फोनात रक्तदाबाच्या गोळीसाठी वेगळं ॲप घातलं. रोज सकाळी आठ.

ते रोज सकाळी दहाला वाजायचं. काका फोन रात्री टीव्हीशेजारी ठेवतात आणि सकाळी दहाला, सुप्रभातचे फुलांचे फोटो बघायला उचलतात. उचलला की ॲप लगेच ओरडायचं, ‘गोळी घ्या!’ ॲप बिघडलंय असं काकांचं ठाम मत झालं. बिघडलेलं नव्हतं. 2015 साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत ‘डोझ’ नावाची सोय आली. फोन चार्जिंगला लावलेला नाही, पडदा बंद आहे, आणि तो बराच वेळ एका जागी निपचित पडलाय असं दिसलं की तो झोपी जातो आणि बॅटरी वाचवायला ॲपांची कामं मागे ढकलतो. पुढे 2023 च्या चौदाव्या आवृत्तीपासून, नव्याने घातलेल्या ॲपांना अगदी ठरल्या मिनिटाला वाजायची परवानगी आपोआप मिळेनाशी झाली. गजर आणि कॅलेंडरची ॲप्स तेवढी वगळली. बाकीच्यांना ती सेटिंगमध्ये जाऊन `Alarms & reminders` इथे हाताने द्यावी लागते. शिवाय काही कंपन्यांचे फोन बॅटरीच्या नावाखाली ॲपचा गळाच आवळतात. तिथेही त्या ॲपला मोकळं सोडावं लागतं. याची खूण अशी: आठवणी रोज थोड्याफार उशिराने येत असतील आणि नेमक्या फोन हातात घेतल्याबरोबर येत असतील, तर दोष ॲपचा नसून झोपेचा आहे. एकूण व्यवस्था अशी की जो माणूस दिवसभर फोनला चिकटलेला आहे त्याला आठवण वेळेवर येते, आणि जो फोन ठेवून विसरून जातो, म्हणजे ज्याला आठवणीची खरी गरज आहे, त्याला उशिरा.

परवानगी दिल्यावर ॲप आठला वाजू लागलं. काका झोपेतच ‘घेतली’ वर बोट दाबायचे आणि कूस बदलायचे. ॲपच्या दप्तरी शंभर टक्के हजेरी. गोळ्यांची पट्टी मात्र संपेना.

म्हणून गोळी भिंतीवर आली. घेतली की चौकटीत टिक. काही दिवस ठीक चाललं, मग काकूंनी एका शनिवारी चष्मा लावून पान जवळून पाहिलं आणि म्हणाल्या, “या सहा टिका तुम्ही एकदम केल्यात.” काकांनी विचारलं कशावरून. काकू म्हणाल्या, सगळ्या एकाच तिरकेपणाच्या आहेत, एकाच जाडीच्या आहेत आणि चौकटीच्या बरोब्बर मध्यभागी आहेत. रोज केलेली टिक अशी नसते. एक फिकट, एक ठळक, एक चुकून गुरुवारच्या घरात गेलेली, एकीवर हळदीचं बोट. खरी नोंद वेडीवाकडी असते. सुबक पान दिसलं की हिशोब तपासावा. काकूंनी आयुष्यभर बँकेच्या ऑडिट खात्यात नोकरी केली असती तर किती जणांच्या पेन्शनी अडकल्या असत्या कोण जाणे.

पुतणीच्या हातात आता कागदाची वही दिसते. ॲपातून ती बुलेट जर्नलवर आली आहे. रायडर कॅरोल नावाच्या अमेरिकन माणसाने 2013 मध्ये ही पद्धत लोकांपुढे आणली. कामासमोर टिंब, झालं की फुली, आणि महिनाअखेरीस न झालेली कामं नव्या पानावर हाताने पुन्हा लिहून काढायची. यातलं हे शेवटचं कलम मला पटलं. फोनमधलं न झालेलं काम स्वतःच पुढच्या दिवसावर सरकतं आणि फुकटात वर्षभर सरकत राहतं. कागदावर ते सरकवायला हात दुखतो. ‘गिटार शिकणे’ हे काम तिने तीन महिने उतरवून काढलं, चौथ्या महिन्यात त्यावर रेघ मारली आणि तिचा चेहरा उजळला. ‘दाताच्या डॉक्टरकडे जाणे’ दोनदा लिहिलं आणि मग ती लिहिण्याच्या कंटाळ्याने डॉक्टरकडे गेली. हल्ली मात्र तिने पानांच्या कडेला वेली काढायला सुरुवात केली आहे. जलरंग, चिकटपट्ट्या, सोनेरी पेन. एका पानाला दोन तास लागतात आणि त्या पानावर पहिलं काम असतं, ‘वेळेचं नियोजन’.

काकांच्या गोळीचा तोडगा शेवटी निघाला तो भिंतीवरही नाही आणि फोनमध्येही नाही. औषधवाल्याकडून सात खणांची डबी आणली. रविवारी काकू ती भरतात. त्या दिवसाचा खण रिकामा म्हणजे गोळी पोटात, भरलेला म्हणजे काका खोटं बोलतायत. टिक खोटी करता येते, पण रिकामा खण तसा करायचा तर गोळी कुठेतरी टाकावी लागते, आणि काकूंच्या घरात कुठलीही वस्तू टाकून ती सापडणार नाही अशी जागा नाही. कॅलेंडरकडे आता फक्त रविवारचा रक्तदाब उरला. चहाआधी मोजायचा आणि रविवारच्या रांगेत लिहायचा. वार डावीकडे असल्याचा इथे फायदा झाला: रविवारचे सगळे आकडे एका आडव्या ओळीत आले. 148/92, 144/90, 138/86. वर जातोय की खाली, ते बघायला आलेख लागत नाही.

मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, घरचे आकडे घेऊन या. मुलीने फोनवरून सांगितलं, फोटो काढून न्या. काकांनी सबंध कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, गुंडाळलं, सुतळीची पेन्सिल लोंबकळत ठेवून ते रस्त्यावरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ओळ वाचली, मान डोलावली, गोळी तीच ठेवली. मग पान उलटलं, मागे छापलेली पाककृती वाचायला लागले आणि बाहेर पेशंट खोळंबले असताना कंपाउंडरला म्हणाले, “याची एक झेरॉक्स काढून आण रे.”

“पटकन आणा,” काका म्हणाले. “आज एक तारीख आहे, दूधवाला यायचाय.”